नवा फोन घेतलाय, ऑथेंटिकेटरचे कोड कसे हलवू? बेळगाव, खानापूर, निपाणीकडून येणारे प्रश्न

मी बेळगावात उद्यमबागेतल्या पाच-सहा लहान कारखान्यांचे हिशेब आणि कॉम्प्युटरची किरकोळ कामं बघते. नवा फोन घेतला की लोक आधी फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅपचा विचार करतात. ऑथेंटिकेटर आठवतो तो चार दिवसांनी, लॉगिन करताना सहा आकडे मागितले की, आणि तोवर जुना फोन खडेबाजारात विकलेला असतो. मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. बहुतेक उत्तरं गुगल ऑथेंटिकेटर धरून दिली आहेत, कारण आपल्याकडे बहुतेकांच्या फोनमध्ये तोच असतो.

हे सहा आकडे येतात कुठून? एसएमएससारखेच पाठवले जातात का?

नाही, कुणीच पाठवत नाही. ते तुमचा फोन स्वतः तयार करतो. तुम्ही पहिल्यांदा साइटवरची क्यूआर चौकट स्कॅन केलीत तेव्हा तिच्यातून एक गुप्त किल्ली फोनमध्ये उतरली. तीच किल्ली साइटकडेही आहे. फोन ती किल्ली आणि घड्याळातली वेळ एकत्र करून दर ३० सेकंदांनी नवा आकडा काढतो, साइटही तसाच काढते, आणि दोन्ही जुळले की दार उघडतं. ही पद्धत २०११ साली आरएफसी ६२३८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात प्रसिद्ध झाली. आज जवळपास सगळी ऑथेंटिकेटर अ‍ॅप तीच वापरतात.

त्या चौकटीत प्रत्यक्षात एवढी एकच ओळ असते:

```
otpauth://totp/Karkhana:office@example.com?secret=JBSWY3DPEHPK3PXP&issuer=Karkhana
```

यातला `secret=` च्या पुढचा भाग ही किल्ली. बाकी फक्त नाव-गाव.

ही एवढी गोष्ट समजली की पुढची बरीच उत्तरं तिच्यातूनच निघतात. कोडला रेंज लागत नाही, म्हणून चोर्ला घाटात किंवा खानापूरच्या जंगलपट्ट्यात एसएमएस आला नाही तरी ऑथेंटिकेटर चालतो. कोडचा सिमशीही संबंध नाही. सिम नव्या फोनमध्ये घातलं म्हणून कोड येत नाहीत, आणि सिम बंद केलं म्हणून हरवलेल्या फोनमधले कोड थांबत नाहीत. शिवाय किल्ली दोन फोनांत असली तर दोन्ही फोन कायम तोच आकडा दाखवतात. किल्ली नव्या फोनमध्ये नेल्याने जुन्यातली मरत नाही.

दुकानदाराने जुन्या फोनचं सगळं नव्यात टाकून दिलं. ऑथेंटिकेटर अ‍ॅपही आलं, पण आत रिकामं. का?

फोन ते फोन कॉपी करताना अ‍ॅप येतं, पण किल्ल्या अ‍ॅपच्या स्वतःच्या बंद जागेत असतात आणि त्या कॉपीत धरल्या जात नाहीत. हे मुद्दाम केलेलं आहे. नाहीतर तुमचा बॅकअप ज्याच्या हाती लागेल त्याच्याकडे कोडही गेले असते. त्यामुळे अ‍ॅपचं चित्र नव्या फोनवर दिसतंय म्हणून निर्धास्त होऊ नका. अ‍ॅप उघडून आत ओळी आहेत का ते पाहा. रिकामं असेल आणि जुना फोन अजून तुमच्याकडे असेल, तर काहीच बिघडलेलं नाही. तो पुसू नका, विकू नका, मुलाच्या हातात खेळायला देऊ नका.

दोन्ही फोन हातात आहेत. कसं करू?

आधी जुन्या फोनवर ऑथेंटिकेटर उघडा आणि ओळी मोजा. कागदावर आकडा लिहा: ११, १३, जे काय असेल ते. जमलं तर प्रत्येक ओळीचं नावही लिहा. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण घोटाळा झाला तर तो याच आकड्याने कळतो.

मग जुन्या फोनवर मेनूतून `Transfer accounts` आणि पुढे `Export accounts`. फोन तुमचं बोट किंवा पिन मागेल. कोणकोणती खाती न्यायची त्याची यादी येईल, सगळी निवडा. पुढच्या पडद्यावर एक मोठी क्यूआर चौकट दिसेल. नव्या फोनवर तेच अ‍ॅप घालून `Transfer accounts`, मग `Import accounts`, आणि ती चौकट स्कॅन करा. हे आयफोन आणि अँड्रॉइड यांच्यातही चालतं, कारण दोन्हीकडे तेच अ‍ॅप आहे आणि मधे फक्त चौकट आहे.

चौकटीच्या पडद्याचा स्क्रीनशॉट अँड्रॉइडवर निघत नाही. तो निघत नाही म्हणून काहीजण तिसऱ्या फोनने त्याचा फोटो काढतात, "असू दे की, नंतर लागला तर". कृपा करून काढू नका. त्या एका चौकटीत तुमच्या दहा खात्यांच्या किल्ल्या असू शकतात, आणि किल्लीला मुदत नसते. आज काढलेला फोटो दोन वर्षांनीही तितकाच चालेल, ज्याच्या हाती पडेल त्याला.

दोन-तीन चौकटी का येतात? एकच स्कॅन केली तर?

एका चौकटीत जास्तीत जास्त दहा खाती बसतात. अकरावं खातं असलं की दुसरी चौकट येते, आणि ती बघायला खाली `Next` दाबावं लागतं. याच ठिकाणी आमच्या घरात घोळ झाला होता, म्हणून सविस्तर सांगते.

माझ्या थोरल्या मावसभावाचं उद्यमबागेत लेथचं दुकान आहे. आम्ही सगळे त्याला अण्णा म्हणतो. त्याच्या फोनमध्ये १३ ओळी होत्या, म्हणजे चौकटी दोन: पहिलीत १० आणि दुसरीत ३. शनिवारी संध्याकाळी त्याने पहिली चौकट स्कॅन केली, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. परत येऊन नव्या फोनवर बघितलं तर ओळीच ओळी दिसत होत्या. झालं असं समजून त्याने जुन्या फोनवर पुढे-पुढे दाबत नेलं. शेवटी अ‍ॅपने विचारलं की पाठवलेली खाती या फोनवर ठेवायची की काढायची. त्याने काढायला सांगितली. सोमवारी सकाळी मला फोन: "अगं, दहाच आलेत की. तीन कुठं गेलेत बघ जरा."

ती तीन खाती अ‍ॅपमधून कायमची गेली होती, कारण त्याने अ‍ॅप गुगल खात्याशी जोडलेलं नव्हतं. एक होतं वेबसाइटच्या होस्टिंगचं, दुसरं शेअर ब्रोकरचं, तिसरं ऑनलाइन विक्रीच्या खात्याचं. तिन्ही परत मिळाली, पण तीन वेगळ्या वाटांनी. होस्टिंगचे रिकव्हरी कोड, म्हणजे साइटने अडीअडचणीसाठी आधीच दिलेले सुटे कोड, वहिनींनी कपाटात लिहून ठेवले होते. त्यातला एक टाकला आणि पाच मिनिटांत खातं उघडलं. विक्रीच्या खात्यात दुकानातला लॅपटॉप अजून लॉगिन होता. तिथूनच सुरक्षेच्या पानावर जाऊन जुना ऑथेंटिकेटर काढला आणि नवा जोडला. ब्रोकरकडे मात्र दोन्हीही नव्हतं. ओळखपत्रं पाठवा, फोनवर बोला, वाट बघा. ते खातं उघडेपर्यंत त्याला एक शेअर विकायचा होता तो विकता आला नाही.

म्हणून कागदावरचा आकडा. जुन्यात १३, तर नव्यात १३. तो जुळेपर्यंत "काढा" म्हणायचं नाही.

आकडा जुळला. आता जुना फोन पुसू का?

अजून नाही. आधी दोन्ही फोन शेजारी ठेवा आणि एकाच क्षणी त्याच ओळीचा कोड बघा. दोन्हीकडे तेच सहा आकडे हवेत. तीन-चार ओळींवर जुळलं की किल्ल्या नीट उतरल्या असं समजा.

दुसरी तपासणी प्रत्यक्ष लॉगिनची. कॉम्प्युटरवर ब्राउझरची खाजगी खिडकी उघडा आणि तिथून महत्त्वाच्या खात्यांत नव्या फोनचा कोड टाकून शिरून बघा. खाजगी खिडकीच का, तर नेहमीच्या खिडकीतलं चालू लॉगिन तसंच राहतं. काही अडलं तर तोच तुमचा परतीचा रस्ता. ईमेल, होस्टिंग, पैशाची खाती आणि कारखान्याच्या पेजचं खातं एवढी तरी याप्रमाणे तपासा. ही तपासणी लागते कारण यादीत कधीकधी जुनी मेलेली ओळ असते. पूर्वी कधी तरी खातं नव्याने जोडलेलं असतं आणि त्याच नावाच्या दोन ओळी पडलेल्या असतात, त्यातली एकच चालते. कुठली ते लॉगिन केल्याशिवाय कळत नाही.

हे झाल्यावरही मी आठवडाभर जुना फोन घरी, चार्ज करून, कपाटात ठेवायला सांगते. नंतर त्यातून गुगल खातं काढून फोन पूर्ण रिसेट करा आणि मगच विका. नुसतं सिम आणि मेमरी कार्ड काढून विकलात तर किल्ल्या नव्या मालकाकडे गेल्या.

माझं अ‍ॅप गुगल खात्याशी जोडलेलं आहे. मग मला हे काहीच करायला नको ना?

एप्रिल २०२३ पासून गुगल ऑथेंटिकेटरमध्ये ही सोय आहे. अ‍ॅपमध्ये गुगल खात्याने लॉगिन केलंत की किल्ल्या त्या खात्यात साठतात आणि नव्या फोनवर लॉगिन केलं की खाली उतरतात. हरवलेल्या फोनच्या बाबतीत ही खरोखर मोठी सोय आहे. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली अशी. गुगल खात्यात शिरायला जो कोड लागतो तोही त्याच अ‍ॅपमध्ये असेल, तर फोन हरवल्यावर कपाटाची किल्ली कपाटातच अडकली. गुगल खात्यापुरते तरी रिकव्हरी कोड बाहेर, कागदावर हवेतच.

दुसरी बऱ्याच जणांना माहीत नसते. जोडलेल्या अवस्थेत एका फोनवरून ओळ काढली की ती सगळीकडून जाते. नवा फोन चालू झाला म्हणून जुन्यातल्या ओळी एकेक करून पुसायला बसलात, तर नव्यातल्याही पुसल्या जातील. म्हणून जोडलेलं अ‍ॅप असेल तर आतल्या ओळींना हात लावू नका. जुना फोन सरळ रिसेट करा. रिसेटने त्या फोनमधली प्रत जाते, खात्यात साठलेली जात नाही.

कंपनीचं खातं मायक्रोसॉफ्ट ऑथेंटिकेटरवर आहे. ते पण असंच जातं का?

तिथे वेगळं आहे. त्या अ‍ॅपचा बॅकअप अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर आणि आयफोनवरून आयफोनवर एवढाच उतरतो. शिवाय कंपनीचं किंवा कॉलेजचं खातं उतरलं तरी नुसतं नाव दिसतं. "मंजूर करा" असा जो निरोप येतो, तो नव्या फोनवर पुन्हा लॉगिन केल्याशिवाय येत नाही. पुण्या-बेंगळुरूच्या कंपनीत असून घरून काम करणाऱ्यांनी जुना फोन चालू असतानाच खात्याच्या सुरक्षेच्या पानावर जाऊन नवा फोन दुसरं साधन म्हणून जोडावा. राहून गेलं तर कंपनीच्या आयटी विभागाला सांगून पुन्हा नोंदणी करून घ्यावी लागते. आणि शुक्रवारी रात्री तो विभाग फोन उचलत नाही.

ई-वे बिलाच्या लॉगिनचं काय?

कारखान्यांकडून हा प्रश्न हमखास येतो, कारण १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिल आणि ई-इन्व्हॉइसच्या पोर्टलवर पासवर्डनंतर ओटीपीचा दुसरा टप्पा सगळ्यांना लागू झाला आहे. तिथे ओटीपी तीन वाटांनी मिळतो: एसएमएस, संदेस अ‍ॅप आणि एनआयसी-जीएसटी-शील्ड अ‍ॅप. शील्ड अ‍ॅपही इंटरनेटशिवाय दर ३० सेकंदांनी आकडा बदलतं, पण गुगल ऑथेंटिकेटरच्या चौकटीने ते हलत नाही. नव्या फोनवर पोर्टलवरूनच ते उतरवून पुन्हा नोंदवायचं. तोपर्यंत एसएमएस चालतो, म्हणून पोर्टलवर नोंदलेला मोबाइल नंबर चालू आहे याची आधी खात्री करा. एका कारखान्यात तो नंबर नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटचा निघाला होता. ट्रक दारात उभा आणि ओटीपी भलत्याच गावी.

कोड बरोबर टाकतोय तरी "चुकीचा" म्हणतं.

दहातल्या आठ वेळा घड्याळ चुकलेलं असतं. आकडा वेळेवरून निघतो, त्यामुळे फोनचं घड्याळ एक-दोन मिनिटं पुढेमागे असलं तरी कोड जुळत नाही. सेटिंगमध्ये तारीख-वेळ आपोआप घेण्यावर ठेवा. हाताने वेळ लावलेल्या आणि बॅटरी उतरून पुन्हा चालू केलेल्या जुन्या फोनमध्ये हे फार होतं. घड्याळ बरोबर असूनही अडलं तर वर सांगितलेली मेलेली ओळ असावी.

जुन्या फोनचा टच गेलाय, पडदा दिसतो पण बोटाने काही होत नाही.

जमण्यासारखं आहे. ओटीजी कनेक्टर लावून कॉम्प्युटरचा साधा यूएसबी माउस जोडा. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर बाण दिसतो आणि माउसने पिन टाकून सगळं करता येतं. कनेक्टर मोबाइलच्या दुकानात मिळतो. पडदाच काळा असेल तर आधी डिस्प्ले बदलून घेणं परवडतं. फोन भंगारात दिलात तर किल्ल्याही गेल्या. डिस्प्ले बदलायला देताना दुकानदाराला पिन सांगू नका, काम झाल्यावर स्वतः उघडून बघा.

रिकव्हरी कोड म्हणजे काय? सहा आकड्यांहून वेगळे आहेत का?

हो. ते साइटने आधीच तयार करून तुमच्या हातात दिलेले सुटे कोड असतात. ना घड्याळ लागतं, ना फोन. एक कोड एकदाच चालतो. गुगल एका वेळी १० देतं, प्रत्येक आठ आकड्यांचा. गिटहब ही प्रोग्राम लिहिणाऱ्यांची साइट १६ देते, त्यांत अक्षरंही असतात. नावं साइटप्रमाणे बदलतात. गुगलकडे त्यांना `Backup codes` म्हणतात, गिटहबकडे `Recovery codes`. दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करताना ते पडद्यावर येतात आणि आपण घाईत "पुढे" दाबतो. ते गेलेले नसतात. लॉगिन असताना सुरक्षेच्या पानावर जाऊन पुन्हा बघता येतात किंवा नवे काढता येतात.

नवे काढले की आधीचे सगळे रद्द होतात. म्हणून कागदावर तारीख हवी. घरात दोन कागद सापडले आणि दोन्हीवर तारीख नसली, की कुठला खरा ते कळत नाही. आणि चुकीचे कोड टाकत बसलं की साइट थोडा वेळ दार लावून घेते.

ते कुठे ठेवू? फोनमध्ये फोटो काढून ठेवला तर चालेल ना?

फोन हरवल्यावर लागणारी गोष्ट फोनमध्ये ठेवून उपयोग काय? गुगल फोटोवर चढलेली असली तरी तिथे जायला तेच लॉगिन लागणार. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवणं, त्याच जीमेलच्या ड्राफ्टमध्ये ठेवणं, दोन्हीची तीच गत.

माझा सल्ला कागदाचा. दोन प्रती, दोन घरांत. आपल्याकडे हे सोपं जातं, कारण बहुतेकांचं एक घर शहरात आणि एक गावाकडे असतं. अण्णाचा एक कागद शहापूरच्या घरी वहिनींच्या कपाटात, एक खानापूर तालुक्यातल्या गावी मावशीच्या लोखंडी पेटीत, शेताच्या उताऱ्यांबरोबर. मावशीला ते कोड कशाचे ते माहीत नाही, आणि माहीत असायची गरज नाही. "हा लखोटा कुणाला द्यायचा नाही, मी मागितला तरी फोनवर वाचून दाखवायचा नाही, मी स्वतः येऊन घेईन," एवढंच तिला सांगून ठेवलं आहे. हे फोनवरचं सांगणं महत्त्वाचं आहे. आवाज ओळखीचा वाटला म्हणून कोड वाचून दाखवणारी साधी माणसं मी पाहिली आहेत.

कागदावर पासवर्ड लिहू नका आणि पूर्ण ईमेलही नको. ज्याच्या हाती तो कागद पडेल त्याला कुठल्या खात्याचा ते कळता कामा नये, तुम्हाला मात्र कळलं पाहिजे. "होस्टिंग, निळं" अशी घरातली खूण पुरते.

छपाईबद्दल एक कळकळीची विनंती. कोडांची फाइल झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून प्रिंट काढू नका. दुकानदार कितीही चांगला असला तरी फाइल त्याच्या फोनमध्ये आणि कॉम्प्युटरच्या डाउनलोडमध्ये राहते, आणि त्या कॉम्प्युटरवर दिवसभरात पन्नास माणसांचे पेन ड्राइव्ह लागतात. घरचा प्रिंटर नसेल तर हाताने लिहा. दहा कोड लिहायला सात-आठ मिनिटं लागतात.

आपल्याकडच्या पावसाचाही विचार करा. खानापूर, कणकुंबीकडे जूनपासून घरातल्या भिंतींना ओल येते, कपाटातले कपडे दमट होतात. शाईच्या प्रिंटरची छपाई आणि जेल पेनची अक्षरं ओलाव्याने फुटतात. बिलासारख्या गुळगुळीत कागदावरचं थर्मल छापील तर वर्ष-दोन वर्षांत उडूनच जातं. साधं बॉलपेन, जाड कागद, झिपवाली प्लास्टिक पिशवी. लॅमिनेशन करू नका. त्यासाठीही कागद दुकानात द्यावा लागतो, आणि वापरलेला कोड नंतर खोडता येत नाही.

हाताने लिहिताना काय जपायचं?

आकडे इंग्रजी अंकांतच लिहा. फोनची भाषा मराठी असेल तर काही ठिकाणी कोड देवनागरी अंकांत दिसतो आणि आपण तसाच उतरवतो. घाईत लिहिलेला देवनागरी १ आणि ९ वर्षभराने वेगळा ओळखता येत नाही. घरात कुणी कन्नड शाळेत शिकलेलं असेल तर त्याच्या हातून तिसरेच अंक यायचे. साइटला शेवटी इंग्रजी अंकच टाकायचे असतात, तर कागदावरही तेच असू देत.

अक्षरं असलेल्या कोडात शून्य आणि O, एक आणि l यांची गल्लत होते. शून्यावर तिरकी रेघ मारा. लिहून झालं की दुसऱ्या माणसाला कागदावरून वाचायला सांगा आणि तुम्ही पडद्यावर बघा. चूक असली तर तिथेच सापडते.

आमची साइट रिकव्हरी कोड देतच नाही. मग?

मग मूळ किल्लीच लिहून ठेवा. ऑथेंटिकेटर जोडताना क्यूआर चौकटीच्या खाली "स्कॅन होत नाही का?" अशा अर्थाचा दुवा असतो. तो दाबला की अक्षरांची लांब ओळ दिसते, वर उदाहरणात दाखवली तशी. ती कागदावर असली तर कुठल्याही फोनवर, कुठल्याही ऑथेंटिकेटरमध्ये हाताने टाकून तेच कोड पुन्हा सुरू करता येतात. लिहिताना एक सोय आहे: या किल्लीत फक्त A ते Z आणि 2 ते 7 एवढंच असतं. शून्य दिसतोय असं वाटलं तर तो O आहे, एक दिसतोय असं वाटलं तर तो I किंवा छोटा l आहे.

पण हा कागद रिकव्हरी कोडांपेक्षा नाजूक आहे. रिकव्हरी कोड एकदा वापरला की संपतो आणि खोडलेला दिसतो. किल्ली कुणी बघून गेलं तर तुम्हाला पत्ताही लागत नाही. तिची एकच प्रत, कुलपात.

आधी जोडलेल्या खात्याची किल्ली आता दिसत नसेल, तर साइटवर जाऊन ऑथेंटिकेटर काढून पुन्हा जोडा, तेव्हा नवी दिसेल. जुनी त्याच क्षणी बाद होते, त्यामुळे हे काम दोन्ही फोन शेजारी असताना करा.

फोन हरवलाच. पहिलं काय करू?

दुसऱ्या कुठल्या उपकरणावर, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, घरच्या लॅपटॉपवर, टॅबवर तुमची खाती अजून उघडी आहेत का ते बघा. असतील तर तिथून लॉगआउट करू नका. घाबरून "सगळीकडून लॉगआउट" दाबणारे स्वतःचा शेवटचा दरवाजा बंद करतात. आधी त्याच उघड्या खात्यातून ऑथेंटिकेटर बदला, नवा फोन जोडा, मग हरवलेला फोन यादीतून काढा. गुगलच्या `Find Hub` वरून तो दुरून पुसताही येतो, पण फोन चालू असून नेटवर आला तरच.

उघडं खातं कुठेच नसेल तर रिकव्हरी कोड. त्याने आत गेलात की लगेच ऑथेंटिकेटर नव्याने जोडा. हे टाळू नका. हरवलेल्या फोनमधली किल्ली अजून जिवंत आहे आणि तुम्ही साइटवर किल्ली बदलेपर्यंत तो फोन कोड दाखवत राहणार. सिम बंद करणं आणि पोलिसांत तक्रार देऊन सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय ब्लॉक करणं ही कामंही करायचीच. त्यांनी फोन नेटवर्कवर चालत नाही, ऑथेंटिकेटर मात्र चालतो. पैशांची फसवणूक झाल्यासारखं वाटलं तर ताबडतोब सायबर हेल्पलाइनच्या १९३० ला फोन.

कोडही नाहीत, उघडं खातंही नाही, तर साइटची खाते परत मिळवण्याची वाट. तिथे नोंदवलेला मोबाइल नंबर उपयोगी पडतो, आणि आपल्या भागात इथेच अडतं. कोल्हापूरला किंवा पुण्याला शिकताना घेतलेलं सिम खात्याला जोडलेलं असतं. गावी आल्यावर रिचार्ज थांबतो, आणि ९० दिवस वापर झाला नाही की नंबर बंद होऊ शकतो, पुढे दुसऱ्याला मिळू शकतो. आज पाच मिनिटं काढून खात्यात कुठला नंबर आहे ते बघा.

कागदावरचा एक कोड वापरला. आता?

बॉलपेनने त्यावर आडवी रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. गावाकडच्या प्रतीवरही पुढच्या फेरीत तीच रेघ. दोन-तीनच शिल्लक राहिले की नवा संच काढा, दोन्ही लखोटे बदला आणि जुने कागद बंबात घाला. अण्णाच्या लखोट्यावर आता वहिनींनी दोन तारखा लिहिल्या आहेत, एक संच काढल्याची आणि एक मावशीकडची प्रत बदलल्याची. दोन्ही तारखा एकच नसतील तर गावाला जाताना नवा कागद पिशवीत टाकायचा, हे त्यांनी स्वतःच ठरवून घेतलंय.